चौदावी स्लाइड

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या गावांत बिबट्याविषयी बोलायला जाणारे माझे एक शिक्षकमित्र आहेत. त्यांचं 52 स्लाइडचं सादरीकरण मी सत्रात बसून पाहिलं आणि नंतर फाइल मागून घेऊन सावकाश वाचलं. सत्र अडीच तासांचं. देवळाच्या सभामंडपात, संध्याकाळी साडेसात ते दहा. त्या 52 पैकी 48 स्लाइड काही ना काही नवं सांगतात. उरलेल्या चार, म्हणजे 14, 27, 42 आणि 52, नवं काहीच सांगत नाहीत. त्या फक्त मागे वळतात. एरवी अशा स्लाइडकडे कुणी रसिकतेने पाहत नाही. पण हे सादरीकरण उभं राहिलं आहे ते या चारांवर, म्हणून रसग्रहण करायचं ते यांचंच.

आधी श्रोते कसे असतात ते पाहू. साडेसातला पाऊण मंडप रिकामा असतो. डेअरीला दूध घालून माणसं येतात ती आठच्या पुढे. बायका स्वयंपाक आटोपून येतात आणि एखादीला मध्येच उठावं लागतं. ज्यांच्या शेतीपंपाची लाइट त्या आठवड्यात रात्रीची असते, ते नऊच्या सुमाराला घड्याळाकडे पाहू लागतात. म्हणजे पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत बसून राहणारा श्रोता थोडाच. आणि विषय असा, की तिसऱ्या भागातली गोष्ट पटायची तर पहिल्या भागातली लक्षात असावी लागते. रात्री पाणी धरायला एकट्याने जाऊ नका, हे कुणीही सांगेल आणि कुणीही विसरेल. बिबट्या उसात कायमचा राहतो हे ज्याच्या डोक्यात पक्कं आहे, त्यालाच ते वाक्य लागू पडतं.

चौदाव्या स्लाइडचं जुनं रूपही त्या फाइलमध्ये लपवलेल्या स्लाइडांत सापडलं. शीर्षक होतं ‘आतापर्यंतचे मुद्दे’. खाली सात ठिपके: अधिवास व ऊस, धरणे व सिंचन, साखर कारखाने, भक्ष्य उपलब्धता, पाणी, प्रजनन, वावरक्षेत्र. पहिल्या तेरा स्लाइडांत जे जे आलं ते सगळं यात होतं, काही सुटलेलं नव्हतं. तरीही ती स्लाइड पडद्यावर आली की मंडपात मध्यंतर झाल्यासारखं व्हायचं. मोबाइल बाहेर निघायचे, कुणी तंबाखू मळायला घ्यायचं, दोघं-तिघं बाहेर जाऊन यायचे. मित्र ठिपके वाचून दाखवत राहायचे.

या यादीत नेमकं काय बिघडलं होतं? तिच्यात सातही नामं आहेत, क्रियापद एकही नाही. ‘अधिवास व ऊस’ म्हणजे काय झालं? उसाने अधिवासाला काय केलं? ज्याला ते आधीच माहीत आहे त्याला या दोन शब्दांवरून आठवेल. ज्याच्या मनातून निसटलं आहे त्याला हे शब्द काही परत देत नाहीत. बोलणाऱ्याला स्वतःला या यादीतून सगळं आठवतं, त्यामुळे ती पुरेशी आहे असं त्याला वाटतं. उजळणीची स्लाइड फसते ती बहुतेक वेळा इथेच. ती श्रोत्यासाठी लिहिल्यासारखी दिसते आणि असते मात्र वक्त्याची टाचणवही.

आता सध्याची चौदावी स्लाइड. शीर्षक नाही. डाव्या कडेला उसाच्या फडाचं छोटं चित्र, सहाव्या स्लाइडवर पडदाभर दाखवलेलं तेच. त्याच्यापुढे एकच वाक्य: ‘बिबट्या जंगलातून इथं आलेला नाही, तो आपल्या उसात जन्मलेला आहे.’ खाली तीन रिकाम्या ओळी, फिकट रेघांनी आखलेल्या. बस.

पस्तीस मिनिटांत या वाक्यामागे केवढं काय सांगून झालेलं असतं! कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं. त्यांच्या पाण्यावर वाढलेला ऊस, विघ्नहर आणि भीमाशंकर हे कारखाने. आडसाली लावण सोळा ते अठरा महिने शेतात उभी राहते, म्हणजे तेवढा काळ सावली, गारवा, पाणी आणि आडोसा. भोवती कुत्री, शेळ्या, डुकरं. मादी उसातच विते, पिल्लं वर्ष-दीड वर्ष तिच्याबरोबर हिंडतात आणि त्यांच्या लेखी घर म्हणजे ऊस. जंगल त्यांनी पाहिलेलंच नसतं. हे सगळं एका वाक्यात आलं का? नाही आलं. धरणांची नावं गेली, महिने गेले, कारखाने गेले. मित्रांनी ते जाऊ दिलं. मागच्या भागातला जो निष्कर्ष पुढच्या भागाला लागणार आहे तेवढाच स्लाइडवर ठेवला. दुसऱ्या भागात पकडलेल्या बिबट्याचं काय होतं ते यायचं आहे आणि ते समजायला धरणांची नावं लागत नाहीत. तो उसातच जन्मलाय एवढं मात्र लागतं. उजळणीत काय ठेवायचं याचा निकष झालेल्या भागाकडे पाहून सापडत नाही, पुढच्या भागाकडे पाहिलं की सापडतो.

वाक्याची घडणही पाहण्यासारखी आहे. मंडपात बसलेल्या बहुतेकांचा समज असा असतो, की जंगलं तुटली आणि बिबटे खाली गावात उतरले. वाक्याचा पहिला अर्धा भाग तोच समज हातात घेतो आणि खाली ठेवतो, दुसरा अर्धा त्याच्या जागी नवी गोष्ट ठेवतो. ‘आपल्या’ हा शब्दही नेमका बसला आहे. उसात म्हटलं असतं तर ती माहिती झाली असती. आपल्या उसात म्हटल्यावर ऐकणाऱ्याला बांधावरचा फड दिसतो. वाक्य बोलीतलं आहे, ‘इथं’ आहे, आणि तेराव्या स्लाइडवर मित्रांनी तोंडी म्हटलेलं वाक्य शब्दशः हेच असतं. उजळणी करताना आपण हटकून शब्द बदलतो, पुन्हा तेच म्हणायचा संकोच वाटतो म्हणून. पण शब्द बदलला की ऐकणारा थबकतो. ही नवी गोष्ट का मघाचीच? तेवढा त्याचा क्षण वाया जातो.

हा संकोच या भागात तरी वाटायला नको. ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी आहे, आळ्याला ज्ञानोबांच्या रेड्याची. गावोगाव हरिनाम सप्ताह बसतात आणि दोन-दोन तास कीर्तन ऐकायची लोकांना सवय आहे. कीर्तनकार निरूपणाला एक अभंग घेतो, एकेका चरणावर बोलतो, दृष्टांतात दूरवर जातो आणि पुन्हा पुन्हा ध्रुपदावर येतो. दरवेळी शब्द तेच. मागे उभे टाळकरी ते उचलतात, समोरचा समाजही म्हणतो. कुणाला ते परत परत वाटत नाही, कारण मधल्या निरूपणाने त्याच ओळीत दरवेळी थोडी भर पडलेली असते. मित्रांच्या चार स्लाइड या ध्रुपदाच्या जातीच्या आहेत. त्यांना हे कुणी शिकवलं नाही, श्रोत्यांतच ती सवय मुरलेली होती.

सत्ताविसावी स्लाइड येते साधारण सव्वा तासाला. डावीकडे उसाचं तेच चित्र, त्याच जागी. पण पहिली ओळ आता आखडली आहे: ‘आपल्या उसात जन्मलेला.’ खाली दुसरं चित्र पिंजऱ्याचं आणि त्यापुढे: ‘म्हणून एक पकडून नेला, तरी त्याची जागा रिकामी राहत नाही.’ खाली दोन रिकाम्या रेघा.

जुनी ओळ आखडली, पण तिच्यात नवा शब्द एकही घातलेला नाही. पहिल्याच वाक्यातले तीन शब्द ठेवले आणि बाकीचे काढले. याने दोन गोष्टी साधतात. पडदा भरून जात नाही आणि नजर आपोआप नव्या ओळीवर जाते. सगळ्या ओळी पूर्ण ठेवल्या असत्या, तर चौथ्या उजळणीला पडद्यावर परिच्छेद तयार झाला असता. याची किंमतही आहे. आठ वाजून गेल्यावर आलेल्याला ‘आपल्या उसात जन्मलेला’ एवढ्याने अर्थ लागत नाही. मित्र ती उणीव तोंडाने भरून काढतात. पहिली ओळ ते पूर्ण म्हणतात, स्लाइड अर्धीच दाखवते.

दुसऱ्या भागातला मजकूर नाजूक असतो. ज्या गावात कुणाच्या घरातलं माणूस गेलेलं आहे, तिथे पहिली मागणी पिंजऱ्याची असते आणि ती अवाजवी नसते. मित्र या भागात 2001 ते 2003 या काळाची हकीकत सांगतात. तेव्हा जुन्नर भागात पकडलेले बिबटे दुसरीकडच्या जंगलात नेऊन सोडले जात. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत, आणि हा कार्यक्रम सुरू झाल्यावर ते 17 वर गेले. शिवाय मोकळ्या झालेल्या टापूत दुसरा बिबट्या शिरतो, हे तर गावकऱ्यांनी स्वतःच पाहिलेलं असतं.

या स्लाइडची आधीची ओळ होती: ‘पिंजरा हा उपाय नाही.’ पहिल्या ओळीसारखीच ठाम, आटोपशीर, लक्षात राहणारी. एका गावात ती पडद्यावर आली आणि मागून आवाज आला, “मग आमची पोरं मरू द्यायची का सर?” पुढची पंधरा मिनिटं स्लाइड बाजूला राहिल्या. मित्रांनी `B` दाबून पडदा काळा केला आणि ऐकून घेतलं. नंतर त्यांनी विचार केला, की सव्वा तास शांतपणे ऐकणारी माणसं नेमकी याच स्लाइडला का उसळली? आकडे सांगताना कुणी चिडलं नव्हतं. उजळणीला चिडले, कारण उजळणी म्हणजे आपण सगळे इथवर आलो असं म्हणणं असतं. ती माणसं तिथवर आलेली नव्हती. त्यांना न पटलेली गोष्ट ठरल्यासारखी त्यांच्याच समोर लिहून दाखवली गेली.

म्हणून ओळ बदलली. ‘जागा रिकामी राहत नाही’ हा निवाडा नाही, त्यांनीच डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे. पिंजरा लावावा की नाही याबद्दल ती काही बोलत नाही. माणसावर हल्ला झाल्यावर वनखातं पिंजरा लावतंच, तेही मित्र सांगतात. पण त्यानंतरही आपली रात्र आपल्यालाच सांभाळायची आहे, हा तिसऱ्या भागातला मुद्दा या ओळीतून आपसूक निघतो. उजळणीच्या स्लाइडवर सर्वांना मान्य असलेलंच लिहावं, वादातलं लिहू नये, हा धडा मला या सगळ्या सादरीकरणात सर्वांत मोलाचा वाटला. वादातलं असेल ते वादाच्या जागी, मधल्या स्लाइडांत, पुराव्यासकट यावं.

आता या स्लाइडांचा खरा कस, जो फाइल वाचून कळत नाही, सत्रात बसूनच कळतो. सत्ताविसावी स्लाइड उघडते तेव्हा चित्रं असतात, ओळी नसतात. मित्र उसाच्या चित्राकडे बोट करतात आणि विचारतात, “हा कुठला म्हणायचा?” आणि थांबतात. बोलणाऱ्याला असा थांबा फार लांब वाटतो, दहा-बारा सेकंदही सोसवत नाहीत. मग कुणीतरी म्हणतं, “आपलाच, उसातला.” तेव्हा कळ दाबली जाते आणि ओळ उमटते. मग पिंजऱ्याचं चित्र. “आणि हा लावला की?” पुन्हा थांबा. माझ्यासमोर एका मावशींनी उत्तर दिलं, “एक नेला, की दुसरा त्याच वाटंनं येतोय.” मित्र हसले, म्हणाले, “माझ्यापेक्षा तुमचंच बरं आहे,” आणि पुढे सत्र संपेपर्यंत त्यांनी मावशींचंच वाक्य वापरलं. पडद्यावर एक आणि तोंडात दुसरं, असं झालं खरं. पण लोकांच्या तोंडून आलेलं वाक्य मंडपात जास्त टिकतं, म्हणून मला ते खटकलं नाही.

ओळ आधी दाखवून वाचण्यापेक्षा आधी विचारून मग दाखवण्यात नुसती गंमत नाही. कार्ल स्पुनार, नोव्हाल खान आणि डॅनियल शॅक्टर यांनी 2013 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संख्याशास्त्राचं 21 मिनिटांचं ध्वनिचित्रित व्याख्यान त्यांनी चार तुकड्यांत दाखवलं. एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर त्यावर छोटी चाचणी दिली, दुसऱ्या गटाला तेच प्रश्न उत्तरांसह नुसते पुन्हा वाचायला दिले, तिसऱ्याला यातलं काहीच नाही. चाचणीवाल्या गटात मन भटकण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, टिपणं जास्त घेतली गेली आणि शेवटच्या परीक्षेत ते पुढे राहिले. उत्तरं वाचायला मिळालेल्या गटाला मात्र तसा फायदा झाला नाही. ठिपक्यांची यादी वाचून दाखवणं हे त्या दुसऱ्या गटाचं काम. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटतं म्हणून येतं असं वाटतं. आठवायला लावलं की येत नाही ते तिथल्या तिथे उघडं पडतं. अर्थात तो प्रयोग पडद्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्यांवरचा होता, सभामंडपातल्या शेतकऱ्यांवरचा नव्हे. त्यातले आकडे इथे तसेच लागू होतील असं मी म्हणणार नाही. पण यादी वाचताना मोबाइल निघत होते आणि प्रश्न विचारल्यावर माना वर होतात, एवढं मी पाहिलं आहे.

प्रश्नाचा आणखी एक उपयोग आहे. आपण कुठे कमी पडलो ते वक्त्याला अर्ध्यातच कळतं, शेवटी नव्हे. उसाच्या चित्रावर “डोंगरातनं आलेला” असं उत्तर आलं, तर पहिला भाग पोचलेला नाही हे उघड आहे. मग मित्र पुढे रेटत नाहीत. `9` आणि `Enter` दाबून थेट नवव्या स्लाइडवर जातात. पिल्लांसह मादी उसात कशी राहते ते तिथे आहे. तीन-चार मिनिटांत ते पुन्हा सांगतात आणि `27`, `Enter` करून परततात. पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असताना असा आकडा दाबून उडी मारता येते. मागे जाण्यासाठी एकेक स्लाइड उलट पळवली की श्रोत्यांना वाटतं सरांचं काहीतरी चुकलं. त्यामुळे कोणत्या ओळीसाठी कोणत्या स्लाइडवर जायचं ते आकडे मित्रांनी एका चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवले आहेत. उत्तर एकाच कोपऱ्यातून, त्याच दोन उत्साही पोरांकडून येत असेल तरी ते पोचलं असं धरत नाहीत. प्रश्न बायकांच्या बाजूला वळवतात.

बेचाळिसाव्या स्लाइडला येईतो दोन तास होत आलेले असतात. तिसरा भाग कामाचा: रात्री पाण्याला जाताना दोघांनी जावं, बोलत किंवा मोबाइलवर गाणं लावून जावं, विजेरी असावी, उसाच्या कडेला वाकून किंवा बसून राहू नये कारण बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावराएवढं दिसतं, पोरांना अंधारात अंगणात एकटं सोडू नये, शेळ्यांचा गोठा वरूनही बंद असावा, मेलेल्या कोंबड्या घरामागे टाकू नयेत. एवढ्या सगळ्यावर स्लाइडची तिसरी ओळ अशी: ‘म्हणून बंदोबस्त बिबट्याचा नाही, आपल्या रात्रीचा करायचा.’

चार ओळींत ही सर्वांत देखणी. आधीच्या दोन ओळींचा भार तिच्यावर नेमका येतो: तो इथलाच आहे, नेला तरी जागा भरते, मग उरतं काय? आपली रात्र. ‘रात्र’ या एका शब्दात पाणी, अंगण, गोठा, उकिरडा सगळं मावतं. प्रश्न विचारायलाही ती सोपी आहे. मित्र म्हणतात, “आपल्या रात्रीत काय काय येतं?” आणि एकेकजण आपापलं सांगतो. कुणाच्या तोंडून गोठ्याचं वरचं छत आलं नाही, तर ते लगेच ध्यानात येतं. मला विचाराल तर ‘नाही’ची लकब पहिल्या ओळीत एकदा होऊन गेली होती, इथे पुन्हा आल्याने ओळ किंचित घोषणेसारखी वाजते. पण हे झालं कान फार लावून ऐकणाऱ्याचं मत.

खरी चूक याच स्लाइडच्या तळाशी आहे. तिथे बारीक अक्षरांत वनखात्याचा 1926 हा मदतक्रमांक दिला आहे. क्रमांक उपयोगाचाच, पण तो आधी कुठे आलेला नाही. चौथ्या भागात, 46 व्या स्लाइडवर, तो रीतसर येतो. उजळणीच्या स्लाइडवर नवीन गोष्ट आली की श्रोत्याची गफलत होते. हे मघाशी सांगितलं का? माझ्याकडून सुटलं का? माझ्या शेजारच्या काकांनी तसं विचारलंच. शिवाय ते क्रमांक टिपायला खिशात पेन शोधू लागले आणि ‘रात्रीत काय येतं’ या प्रश्नाला मुकले. मागे पाहण्याच्या जागी पुढचं काही डोकावू देऊ नये, एवढी शिस्त या एका ठिकाणी सुटली आहे.

चौथा भाग आटोपशीर आहे. ऊसतोडीत पिल्लं सापडली तर त्यांना हात लावायचा नाही, फोटो काढायला गर्दी करायची नाही, त्या तुकड्यातली तोड थांबवून वनखात्याला कळवायचं. पिल्लं त्याच जागी राहिली तर मादी बहुधा रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. जनावर मारलं गेलं तर मढं जागचं न हलवता लगेच कळवायचं, कारण पंचनाम्यावर भरपाई ठरते. आणि मग बावन्नावी स्लाइड. त्यावर चार चित्रं आहेत आणि चार रेघा. ओळ एकही नाही.

ही स्लाइड शेवटपर्यंत रिकामीच राहते. मित्र फक्त एकेका चित्राकडे बोट करतात आणि ओळ मंडप म्हणतो. चौथी ओळ त्यांनी पडद्यावर कधी लिहिलेलीच नाही: ‘तरीही गाठ पडली, तर हात लावायचा नाही, कळवायचं.’ ती तोंडी सांगितली आणि लगेच म्हणवून घेतली. बाकीच्या तीन ओळी, पहिली तर जवळपास दोन तासांपूर्वी आलेली असूनही, येतात, कारण त्या तोवर एकदा तरी आठवून झालेल्या असतात. धन्यवादाची स्लाइड नाही. शेवटी पडद्यावर धन्यवाद आणि फुलांचं चित्र राहण्यापेक्षा ही चार चित्रं राहिली, हे मला या रचनेचं शेवटचं शहाणपण वाटतं.

यासाठी काय खर्ची पडलं तेही सांगायला हवं. चार थांबे, प्रत्येकी सुमारे चार मिनिटं, म्हणजे सोळा मिनिटं. तेवढ्यासाठी बिबट्याची जातकुळी, ठिपक्यांची नक्षी, चित्ता आणि बिबट्यातला फरक अशा नऊ स्लाइड काढून टाकल्या. त्या सुंदर होत्या. पण त्यांतून पुढचं काही निघत नव्हतं, म्हणून उजळणीत त्यांना जागा मिळेना, आणि जागा मिळेना म्हणूनच त्या मुळात अनावश्यक होत्या हे मित्रांच्या ध्यानात आलं. उजळणीची स्लाइड लिहायला बसलं की मूळ भाषणातलं फोलपट असं वर येतं.

थांबे घड्याळ पाहून लावलेले नाहीत, हेही नोंदवावं. श्रोत्याचं लक्ष दहा-पंधरा मिनिटांतच उडतं असं सर्रास सांगितलं जातं. कॅरन विल्सन आणि जेम्स कॉर्न यांनी 2007 मध्ये त्यामागचा पुरावा तपासला तेव्हा तो फारच तोकडा निघाला. मित्रांचा पहिला थांबा पस्तीस मिनिटांनी आहे, दुसरा चाळीस मिनिटांनी आणि शेवटचा पंचवीस-तीस मिनिटांनी, कारण एकेक मुद्दा तिथे पुरा होतो. मुद्दा अर्धवट असताना घड्याळाने सांगितलं म्हणून थांबलं, तर उजळणीला धरायला वाक्यच मिळत नाही आणि पुन्हा ठिपक्यांची यादी येते. याच कारणाने वीस मिनिटांच्या भाषणात हा सगळा थाट करू नये. तिथे एकच मुद्दा असतो, तो शेवटी एकदा म्हटला की पुरतो. आणि ज्या गोष्टी मुळात यादीच्याच आहेत, भरपाईला लागणारी कागदपत्रं किंवा वनपालाचा मोबाइल क्रमांक, त्या उजळणीने पाठ होत नाहीत. त्या छापील कागदावर हातात द्याव्यात. मित्र तो कागद सत्र संपल्यावर चपला घालताना देतात, आधी दिला तर लोक तोच वाचत बसतात.

तुम्हाला कधी शाळेत, सोसायटीच्या सभेत किंवा कृषी मेळाव्यात दोन-अडीच तास बोलायची पाळी आली, तर स्लाइड करायला बसण्याआधी कागदावर चार वाक्यं लिहा. दुसरं पहिल्यातून निघतं का, तिसरं दुसऱ्यातून निघतं का, ते वाचून पाहा. निघत असेल तर उजळणीच्या स्लाइड तयारच आहेत, त्यांच्यामधल्या जागा तेवढ्या भरायच्या. निघत नसेल तर सादरीकरण उघडू नका. आधी भाषण दुरुस्त करा, कारण विस्कळीत भाषणाची उजळणी केली तर विस्कळीतपणाच दोनदा ऐकवला जातो.